दोन मिनिटांच्या श्वासाच्या व्हिडिओत किती बोलावं आणि कधी थांबावं

प्रश्न: आमच्या गटाच्या बैठकीआधी लावायला मी दोन मिनिटांचा शांतता आणि श्वासाचा व्हिडिओ बनवला. समुद्र, ढग, सूर्यास्त अशा सात क्लिप आहेत, मागे बासरी आहे, आवाज माझाच आहे. 'चार अंक खोल श्वास घ्या, चार अंक रोखा, सहा अंक सोडा' असं सांगते. स्क्रिप्ट २३० शब्दांची आहे. लोक म्हणतात छान आहे, पण घाई झाल्यासारखं वाटतं. दोघींना तर धाप लागल्यासारखं झालं. नेमकं काय बदलू?

उत्तर:

यात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगवेगळ्याच सोडवाव्या लागतील. घाई वाटते ती शब्दांमुळे. धाप लागते ती तुम्ही दिलेल्या मोजणीमुळे. चित्रं आणि बासरी यांचा त्यात थोडा हात आहे, पण मूळ तिथे नाही. नुसतं संगीत काढून किंवा क्लिप बदलून फारसा फरक पडणार नाही.

आधी शब्दांचं पाहू. शांत आवाजात, वाक्यांमध्ये नीट श्वास घेत मराठी बोललं की मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे २३० शब्दांना दोन मिनिटंही पुरत नाहीत. तुमच्या व्हिडिओत शांततेला जागाच उरलेली नाही, आणि तरीही तो शांततेचा व्हिडिओ म्हणून लावला जातो. ऐकणाऱ्याला हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून तो 'घाई झाली' म्हणतो. माझ्या कामात मी अशा दोन मिनिटांसाठी साठ शब्दांची मर्यादा धरते. हा आकडा कुठल्या नियमातून आलेला नाही. पण साठच्या पुढे गेलं की सलग अर्धं मिनिट मोकळं ठेवणं जमत नाही, हे मला टाइमलाइनवर दर वेळी दिसतं.

आता धाप. आरामात बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे त्याचं एक आवर्तन तीन ते पाच सेकंदांचं असतं. तुम्ही त्याला घेण्यासाठी चार, रोखण्यासाठी चार आणि सोडण्यासाठी सहा सेकंद सांगितलेत, तर एक आवर्तन चौदा सेकंदांचं झालं. जिना चढून, फोन ठेवून नुकत्याच येऊन बसलेल्या माणसाला पहिल्याच श्वासाला तिप्पट लांबीवर नेलं, तर त्याला हवा अपुरी पडल्यासारखी वाटणारच. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. श्वास रोखला की तो वाढतो, आणि ज्याला सवय नाही त्याला ते घाबरल्यासारखं जाणवतं.

'खोल' हा शब्दसुद्धा मी वापरत नाही. 'खोल श्वास घ्या' म्हटलं की बहुतेक लोक खांदे उचलून छातीत जोरात हवा ओढतात, आणि पुढच्या श्वासाला पुन्हा तेच करतात. असं भराभर झालं की कार्बन डायऑक्साइड उलटा कमी होतो, मग डोकं हलकं होतं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या येतात. म्हणजे एकाच व्हिडिओत कुणाला रोखण्याने त्रास होतो, तर कुणाला खोल ओढण्याने. 'हळू' किंवा 'सावकाश' म्हटलं तर दोन्ही टळतं, कारण हळू घेतलेला श्वास हवा तेवढा खोल आपोआप होतो. आणि भर सोडण्यावर ठेवा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब ठेवण्यामागे हे कारण आहे.

रोखणं अनोळखी श्रोत्यांसाठी पूर्ण वगळा, असंच मी सांगेन. ज्यांना तुम्ही समोर बसवून शिकवता, ज्यांची प्रकृती तुम्हाला माहीत आहे, त्यांच्याबाबतीत गोष्ट वेगळी. पण व्हिडिओ कोण पाहतंय हे तुम्हाला दिसत नाही. त्यात दम्याचा त्रास असलेलं, गरोदर, रक्तदाबाची गोळी घेणारं कुणीही असू शकतं. दोन मिनिटांत रोखण्यावाचून काही अडत नाही.

मग किती वेगाने न्यायचं? संथ श्वासाच्या सरावात मिनिटाला सहा श्वास, म्हणजे दहा सेकंदांचं आवर्तन, बरंच वापरलं जातं. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. तो वेग चांगला आहे, पण तिथे पोहोचायला वेळ द्यायला हवा, थेट तिथून सुरुवात करता येत नाही. म्हणून मी पाच श्वास घेते आणि प्रत्येक थोडा लांबवते. पहिले दोन सात सेकंदांचे, म्हणजे तीन आत आणि चार बाहेर. तिसरा आठचा, तीन आत आणि पाच बाहेर. चौथा नऊचा, चार आणि पाच. पाचवा दहाचा, चार आणि सहा. सगळे मिळून एक्केचाळीस सेकंद होतात. ही वाढ इतकी लहान आहे की ऐकणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. लहान मुलांसाठी करत असाल तर पाचही श्वास सहा-सात सेकंदांतच ठेवा. त्यांचा मूळ वेगच मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

आता तुमचाच व्हिडिओ मी कसा मांडेन ते सेकंदानुसार सांगते. यात पडद्यावर एक वर्तुळ धरलं आहे, ते श्वास घेताना फुलतं आणि सोडताना मिटतं. हे वाचताना एडिटिंगची टाइमलाइन समोर उघडी असेल तर सोपं जाईल.

पहिले पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. काळ्यातून चित्र हळूहळू वर येऊ द्या. बैठकीच्या खोलीत या पाच सेकंदांत लोक खुर्ची सरकवतात, फोन उलटा ठेवतात. पाचव्या सेकंदाला तुम्ही बोलायला सुरुवात करा: 'बसल्या जागी जरा सैल व्हा. पाय जमिनीवर टेकलेले राहू द्या. नजर वर्तुळावर ठेवा, किंवा डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष नको वाटलं, तर तळपायांकडे लक्ष असू द्या.' हे तेविसाव्या सेकंदापर्यंत आरामात संपतं. शेवटचं वाक्य वेळ खातं, तरी ते कापू नका. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की बरं वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटतं, विशेषतः ज्यांना घबराटीचे झटके येतात किंवा दमा आहे त्यांना. त्यांना दुसरा रस्ता सुरुवातीलाच मिळाला की ते मधूनच उठून जात नाहीत.

त्यानंतर पाच सेकंद शांत. मग अठ्ठाविसाव्या सेकंदाला 'श्वास आत', आणि एकोणतिसाव्याला वर्तुळ फुलायला लागतं. हा एका सेकंदाचा फरक मुद्दाम आहे. सूचना श्वासाच्या आधी यायला हवी, श्वासाबरोबर नाही. शब्द कानावर पडून, समजून, शरीराने सुरुवात करेपर्यंत क्षणभर जातो. तुम्ही 'आत' म्हणायला आणि वर्तुळ हलायला एकाच क्षणी सुरुवात केलीत, तर ऐकणारा प्रत्येक श्वासाला अर्धा-पाऊण सेकंद मागे राहतो आणि शेवट गाठायला धावतो. 'पळवल्यासारखं वाटतं' ही तक्रार मी जिथे जिथे ऐकली, तिथे आधी हीच जागा तपासते. नियम सोपा आहे: शब्द जिथे संपतो, तिथे हालचाल सुरू व्हावी.

त्याच हिशेबाने एकतिसाव्या सेकंदाला 'आणि बाहेर' म्हणा, म्हणजे बत्तिसाव्यापासून सोडणं सुरू होईल. दुसरं आवर्तन छत्तिसाव्यापासून, तिथे फक्त 'आत' आणि 'बाहेर'. तिसरं त्रेचाळिसाव्यापासून, 'आत' आणि 'सावकाश बाहेर'. चौथं एक्कावन्नाव्यापासून, तिथे घेण्याची सूचना नको, फक्त 'बाहेर'. पाचवं साठाव्या सेकंदापासून, आणि तिथे एकही शब्द नको. वर्तुळ मात्र फुलत-मिटत राहतं. सूचना अशा एकेक करून काढून घेतल्या की पुढे येणारी शांतता एकदम अंगावर येत नाही. ज्यांचे डोळे मिटलेले आहेत त्यांना चौथ्या-पाचव्या श्वासाला तुमची लय नेमकी कळणार नाही. ते आपल्या लयीने जातील आणि तसं जाणंच बरोबर आहे. तिथे सगळ्यांना एका तालात ठेवण्याची गरज नाही.

एक मिनिट दहा सेकंदांनी: 'आता श्वास त्याच्या गतीनं चालू द्या. अर्धं मिनिट असेच शांत राहू.' वेळ सांगणं महत्त्वाचं आहे. किती वेळ ते माहीत नसेल तर आठ-दहा सेकंदांनंतर लोकांना वाटतं की व्हिडिओ अडकला किंवा आवाज गेला, आणि कुणीतरी डोळे उघडून लॅपटॉपकडे बघतं. वेळ सांगितली की ती शंका येत नाही. मग एक मिनिट अठरा सेकंदांपासून एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांपर्यंत पूर्ण शांतता. यात वर्तुळाची फुलण्या-मिटण्याची हालचालही थांबवा. ते तसंच चालू राहिलं तर तुम्ही 'आपल्या गतीनं' म्हणालात आणि पडद्यावर मात्र गती ठरवून दिलीत, असं होतं. माझ्या व्हिडिओत वर्तुळ इथे विरघळून नुसती पार्श्वभूमी उरते.

एक मिनिट अठ्ठेचाळीसला: 'हळूहळू आजूबाजूचे आवाज ऐकू येऊ द्या. डोळे मिटले असतील, तर सावकाश उघडा.' हे छप्पन्नाव्या सेकंदाला संपतं आणि उरलेल्या चार सेकंदांत चित्र मावळतं. सगळे शब्द मोजलेत तर अठ्ठावन्न भरतात. तुमच्या स्क्रिप्टमधलं 'मनातले विचार ढगांसारखे वाहून जाऊ द्या' यासारखं वर्णन यात बसणार नाही. ते काढताना हळहळ वाटेल, पण त्या वाक्याचं चित्र मनात उभं करायलाच ऐकणाऱ्याचे दहा-बारा सेकंद जातात. दहा मिनिटांच्या सरावात तशा वाक्यांना खुशाल जागा द्या.

आता चित्रांकडे येऊ. सात क्लिप म्हणजे सहा कट. प्रत्येक कटला डोळे नवीन चित्राचा अंदाज घेतात, कुठे काय आहे ते शोधतात. हे आपल्या इच्छेवर नसतं. दोन मिनिटांत सहा वेळा लक्ष खेचून घ्यायचं आणि तोंडाने 'शांत व्हा' म्हणायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध जातं. पूर्ण दोन मिनिटांना एकच चित्र पुरतं. तुमच्याकडचा समुद्र आवडत असेल तर समुद्र ठेवा, पण कॅमेरा स्थिर असलेला एकच सलग शॉट निवडा. आणि एक काळजी घ्या, लाटांचीही स्वतःची लय असते. श्वासाच्या वर्तुळामागे लाटा वेगळ्याच वेगाने येत-जात असतील तर पाहणाऱ्याला दोन ताल दिसतात आणि तो कुठला धरायचा हे कळत नाही. म्हणून मार्गदर्शनाचं वर्तुळ असेल तेव्हा मागे धुकं, आकाश किंवा दोन जवळच्या रंगांचा हळुवार उतार ठेवणं मला बरं वाटतं.

वर्तुळाच्या हालचालीवर थोडा वेळ घालवा, कारण इथेच चांगला आणि यांत्रिक व्हिडिओ वेगळे पडतात. दोन कीफ्रेम टाकून सरळ रेषेत आकार वाढवला तर वर्तुळ एकाच वेगाने मोठं होतं आणि टोकाला आपटल्यासारखं उलट फिरतं. श्वास तसा चालत नाही. घेताना सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू, असा वक्र द्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टोकांना ईझ लावलं की हे होतं. सूत्राने करायचं असेल तर त्रिज्या अशी घ्या:

r = r0 + d × (1 − cos(π t / T)) / 2

इथे r0 ही सुरुवातीची त्रिज्या, d म्हणजे एकूण वाढ, T म्हणजे श्वास घेण्याचे एकूण सेकंद आणि t म्हणजे त्यातले उलटलेले सेकंद. सोडताना मात्र हाच वक्र उलटा लावू नका. निवांत उच्छ्वासात स्नायू जोर लावत नाहीत, फुप्फुसं स्वतःच्या ताणाने आत येतात. त्यामुळे हवा सुरुवातीला लवकर बाहेर पडते आणि नंतर हळूहळू संपत जाते. म्हणून सोडण्याच्या कीफ्रेममध्ये सुरुवातीचं ईझ थोडं आणि शेवटचं भरपूर ठेवा. हा बदल पाहणाऱ्याला सांगूनही दिसणार नाही, पण त्याच्या शरीराला तो ओळखीचा वाटतो. वर्तुळाची वाढही बेताची असू द्या. लहान अवस्थेत पडद्याच्या उंचीच्या एक तृतीयांश, मोठ्या अवस्थेत निम्म्याच्या थोडं पुढे. संपूर्ण पडदाच पुढे-मागे झूम करणारी हालचाल टाळा, मोठ्या पडद्यावर काही जणांना त्याने मळमळतं. सगळ्या पडद्याचा उजेड श्वासाबरोबर कमी-जास्त करणंही टाळा. डोळे मिटलेल्यांना पापण्यांतून ते जाणवत राहतं.

रंगाबाबत एक तांत्रिक अडचण नक्की येईल. गडद निळ्याचा हळुवार उतार एडिटिंगमध्ये सुंदर दिसतो आणि एक्सपोर्ट केल्यावर त्यात पट्टे उमटतात. आठ बिटच्या व्हिडिओत गडद भागाला छटा कमी मिळतात आणि कॉम्प्रेशन त्या आणखी सपाट करतं. स्थिर, शांत चित्रात हे पट्टे फार डोळ्यांवर येतात, कारण बघायला दुसरं काही नसतं. उपाय म्हणजे बारीक दाणेदारपणा मिसळणं. दाण्यांमुळे दोन छटांची सीमा विस्कटते आणि पट्टा दिसत नाही. एडिटिंगमध्ये ती सोय नसेल तर नंतर ffmpeg या प्रोग्रॅमने असं करता येतं:

```
ffmpeg -i shwas.mp4 -vf "noise=alls=4:allf=t" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a copy shwas_grain.mp4
```

यातला ४ हा आकडा दाण्यांची तीव्रता आहे. पट्टे राहिले तर ५-६ करून पाहा. दाणे वेगळे दिसायला लागले तर जास्त झाले. मात्र crf चा आकडा वाढवू नका, नाहीतर कॉम्प्रेशन दाणेच पुसून टाकतं आणि पट्टे परत येतात.

आवाज रेकॉर्ड करताना सगळी स्क्रिप्ट सलग वाचू नका. प्रत्येक वाक्य वेगळं रेकॉर्ड करा आणि टाइमलाइनवर जागेवर ठेवा. सलग वाचताना तुम्हालाही श्वास लागतो, आणि नेमकं 'बाहेर' म्हणण्याआधी तुमचा आत ओढलेला श्वास माइकमध्ये येतो. ऐकणारा शब्दांआधी त्या आवाजाचं अनुकरण करतो, म्हणजे 'बाहेर' ऐकताना तो आत ओढतो. म्हणून सूचनांच्या आधीचे सगळे श्वासाचे आवाज कापून काढा. एकच अपवाद चालतो: 'श्वास आत' च्या आधीचा हलका श्वास राहिला तर तो मदतच करतो.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि समोर नाही, तर थोडा बाजूला ठेवा. मराठीतल्या या सूचनांमध्ये 'श' आणि 'स' सारखे येतात, आणि 'भ', 'ध', 'ठ' ला हवेचा झोत बसतो. माइक बाजूला ठेवला की दोन्ही मवाळ होतात. कुजबुजू नका. कुजबुजीत सगळा सूर निघून जातो आणि फक्त हवेची सळसळ उरते, ती लहान स्पीकरवर नीट कळतही नाही. जवळ बसलेल्या माणसाशी बोलताना असतो तो आवाज पुरे. 'आत' किंचित चढता, 'बाहेर' उतरता आणि थोडा लांब, एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

शांततेचा भाग टाइमलाइनवर नुसता रिकामा सोडू नका, ही चूक अगदी सहज होते. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या खोलीची एक बारीक घरघर असतेच. शब्दांच्या वेळी ती ऐकू आली आणि शांततेत एकदम नाहीशी झाली, तर हेडफोन लावलेल्याला कुणीतरी बटण बंद केल्यासारखं वाटतं. शिवाय काही ब्लूटूथ स्पीकर आवाज पूर्ण थांबला की झोपी जातात आणि पुन्हा जागे होताना पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळतात. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की उठण्याआधी एक मिनिटभर काही न बोलता माइक चालू ठेवा. खोलीचा तो आवाज पूर्ण दोन मिनिटांच्या खाली एका वेगळ्या ट्रॅकवर पसरा. झोपी जाणाऱ्या स्पीकरला प्रत्येक वेळी एवढा हलका आवाज पुरेलच असं नाही, म्हणून बैठकीच्या खोलीतल्या स्पीकरवर एकदा लावून बघाच.

बासरीबाबत माझं मत स्पष्ट आहे, ती काढावी. वाद्य वाईट आहे म्हणून नाही. सुरावट असली की मन पुढच्या सुराची वाट बघतं, आणि तिचा ताल तुमच्या सात-आठ-नऊ सेकंदांच्या श्वासांशी जुळत नाही. शांततेच्या अर्ध्या मिनिटात बासरी वाजत राहिली तर लोक शांत बसत नाहीत, बासरी ऐकतात. अगदी काही हवंच असेल तर तंबोऱ्यासारखा एकसारखा, ठोका नसलेला आधारसूर घ्या. तो आवाजाच्या खूप खाली ठेवा, आणि एक मिनिट अठरा सेकंदांपर्यंत सावकाश संपवा.

आवाजाची पातळी ठरवताना मीटरवर सरासरी लाउडनेस बघत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हे मोजमाप अगदी हळू भाग हिशेबात धरत नाही, त्यामुळे तुमची तीस सेकंदांची शांतता सरासरी खाली ओढत नाही. दिसणारा आकडा जवळपास फक्त बोलण्याचा असतो. तो उणे १६ ते उणे १८ एलयूएफएसच्या आसपास ठेवला की लॅपटॉपच्या स्पीकरवरही शब्द कळतात आणि हेडफोनमध्ये दचकायला होत नाही. एडिटिंगमधलं आपोआप आवाज सारखा करणारं बटण मात्र बंद ठेवा. ते शांत जागा शोधून तिथली खोलीची घरघर मोठी करतं.

पूर्ण झाल्यावर तीन प्रकारे तपासा. एकदा आवाज बंद करून बघा: फक्त वर्तुळावरून कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे कळतं का? ऐकू न येणाऱ्यांसाठी सूचना लिखितही हव्यात, पण वर्तुळाच्या आत नाही, खाली एका ठरलेल्या जागी. एकदा डोळे मिटून ऐका: संपल्याचं कळतं का, की शंकेने डोळे उघडावे लागतात? आणि तिसऱ्यांदा तुमच्याऐवजी दुसऱ्याला बसवा, शक्यतो नुकतंच चालून आलेल्याला. तुम्ही स्वतः दहा वेळा पाहिल्यावर तुमचा श्वास त्या लयीला सरावलेला असतो, तेव्हा तुमची चाचणी उपयोगाची नाही.

त्या माणसाकडे पाहताना पडद्याकडे नाही, खांद्यांकडे बघा. खांदे वर जात असतील तर तो हवा ओढतोय, तुमचं घेणं लांब आहे किंवा आवाजात आग्रह आहे. सोडण्याच्या शेवटी त्याने घाईने मधेच श्वास घेतला तर कुठल्या आवर्तनात ते टिपून ठेवा. चौथ्यात झालं तर चौथा आणि पाचवा दोन्ही आठ सेकंदांवर आणा, तीन आत आणि पाच बाहेर. वाचलेले तीन सेकंद शांततेला द्या. संपल्यावर 'कसं वाटलं?' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. 'कुठे श्वास पुरला नाही?' आणि 'कुठे वाटलं की पुढे काय?' असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं थेट सेकंदात मिळतात आणि तेवढीच जागा दुरुस्त करता येते.

तुमच्या बैठकीसाठी शेवटची एक सूचना. व्हिडिओ ऑनलाइन चढवला असला तरी तिथे लावताना फाइल उतरवून लॅपटॉपवरूनच लावा. इंटरनेटवरून लावलात तर आधी जाहिरात येऊ शकते, आणि संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होऊ शकतो. फाइलच्या शेवटी सहा-सात सेकंद तोच गडद रंग स्थिर ठेवा. तेवढ्यात लॅपटॉपजवळच्या माणसाला विंडो सावकाश बंद करता येते, आणि बैठकीचा पहिला शब्द तुमच्यापैकी कुणीतरी बोलू शकतं.